सोलरच्या कोटेशनवरचा १९ टक्के परतावा आणि दहा वर्षांनी खरोखर हाती येणारा पैसा

मुंबईतल्या हाऊसिंग सोसायट्यांकडे सोलरवाल्यांची कोटेशनं येतात, त्यात शेवटच्या पानावर ठळक अक्षरात ‘आयआरआर’, म्हणजे अंतर्गत परतावा दर, लिहिलेला असतो. अठरा टक्के, बावीस टक्के, कधी पंचवीससुद्धा. सर्वसाधारण सभेत कुणीतरी विचारतंच, “बँक सात टक्के देते, हे एकोणीस म्हणतायत. मग एफडी मोडून सगळे पैसे इथेच का घालू नयेत?” प्रश्न रास्त आहे. पण दोन्ही टक्के एकाच गोष्टीचे नाहीत, त्यामुळे ते असे शेजारी ठेवून तुलना होत नाही. ती तुलना करण्याजोगी करायची असेल तर सुधारित अंतर्गत परतावा दर, म्हणजे एमआयआरआर काढावा लागतो. आणि तो काढताना एक आकडा आपल्याला स्वतःहून भरावा लागतो: मध्ये परत येणारा पैसा पुढे किती टक्क्यांनी वाढणार? याला पुनर्गुंतवणूक दर म्हणतात. सगळी गोम त्या आकड्यात आहे, म्हणून या लेखात मी बराच वेळ त्याच्यापाशी थांबणार आहे.

उदाहरणाला मुलुंडची एक मध्यम आकाराची सोसायटी घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेले आहेत. गच्चीवरच्या मोबाईल टॉवरच्या भाड्यातून सोसायटीकडे १५ लाख रुपये साठलेत. तेवढ्यात ३० किलोवॉटचं सोलर बसतं असं धरू. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट हा आपल्याकडचा ढोबळ हिशेब. पावसाळा आणि शेजारच्या उंच इमारतीची सावली यांची थोडी वजावट केली की वर्षाला साधारण ४०,००० युनिट मिळतात. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांची वीज दहा रुपये युनिटने धरली तर बचत ४ लाख. पॅनल धुणं आणि देखभाल यांचे ५० हजार वजा करून निव्वळ ३.५ लाख. दहा वर्षं हाच आकडा धरू. प्रत्यक्षात पॅनलचं उत्पादन दरवर्षी किंचित घटतं आणि विजेचे दरही हलतात. तुमच्या शीटमध्ये ते जरूर घाला, इथे मुद्दा स्पष्ट दिसावा म्हणून सोडतो आहे.

आधी आयआरआर काय सांगतो ते

शीटमध्ये एका स्तंभात वरच्या खान्यात गुंतवणूक उणे चिन्हाने लिहा आणि त्याखालच्या दहा खान्यांत दहा वर्षांची बचत.

```
B1        -1500000
B2:B11     350000

=IRR(B1:B11)
```

उत्तर येतं साधारण १९.४ टक्के. कोटेशनवाल्याने फसवलेलं नाही, गणित बरोबर आहे. पण याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आयआरआर सांगतो की प्रकल्पात जेवढी रक्कम अजून अडकलेली आहे, तेवढ्यावर वर्षाला १९.४ टक्के सुटतायत. पहिल्या वर्षी पूर्ण १५ लाख अडकलेले असतात. वर्षअखेरीला ३.५ लाख बाहेर येतात. त्यातले साधारण २.९ लाख परतावा आणि उरलेले ६० हजार मुद्दल. दुसऱ्या वर्षी १४.४ लाख अडकलेले. असं करत करत दहाव्या वर्षी मुद्दल शून्यावर येतं. कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता असतो ना, अगदी तसाच हा हिशेब आहे, फक्त इथे कर्ज देणारे आपण.

बाहेर आलेल्या ३.५ लाखांचं पुढे काय होतं, याबद्दल आयआरआर काहीच बोलत नाही. बऱ्याच ठिकाणी छापलेलं आढळतं की ‘बाहेर आलेला पैसा आयआरआरच्याच दराने पुन्हा गुंतवला जातो असं आयआरआर गृहीत धरतो’. हे विधान जरा ढिलं आहे. आयआरआरच्या गणितात असं गृहीतक कुठेच बसलेलं नाही. गृहीतक करतो तो वाचणारा. ‘१९.४ टक्के’ वाचून त्याच्या मनात येतं की १५ लाख दहा वर्षं १९.४ टक्क्यांनी चक्रवाढीने वाढणार. तसे ते वाढले तर दहा वर्षांनी सुमारे ८८ लाख होतील. पण तसं व्हायला दरवर्षी सुटलेले ३.५ लाख लगेच अशाच १९.४ टक्के देणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी जायला हवेत. सोसायटीची गच्ची एकच आहे. तिच्यावर पहिल्या वर्षीच्या बचतीतून दुसरं सोलर बसवता येत नाही, आणि बसवलं तरी ती वीज वापरायला सोसायटीकडे तेवढ्या लिफ्ट नाहीत.

एमआयआरआर हाताने काढू

एक्सेलला सूत्र देण्याआधी एकदा हाताने करून बघावं, म्हणजे पुढचे सापळे ओळखता येतात. पायऱ्या तीनच आहेत.

पहिली पायरी: जेवढा पैसा खिशातून जातो, तो सगळा आजच्या दिवसावर आणायचा. आपल्या उदाहरणात खर्च सुरुवातीलाच एकदा आहे, त्यामुळे ते १५ लाखच राहतात.

दुसरी पायरी: जेवढा पैसा परत येतो, तो प्रत्येक वर्षाचा पुनर्गुंतवणूक दराने वाढवत शेवटच्या दिवसापर्यंत न्यायचा. सध्या ७ टक्के धरू. पहिल्या वर्षीचे ३.५ लाख नऊ वर्षं वाढतील, दुसऱ्या वर्षीचे आठ वर्षं, आणि दहाव्या वर्षीचे वाढणारच नाहीत, कारण तोच शेवटचा दिवस. सगळ्यांची बेरीज येते ४८.३६ लाख.

तिसरी पायरी: १५ लाखांचे दहा वर्षांत ४८.३६ लाख व्हायला वार्षिक चक्रवाढ दर किती लागेल? ४८.३६ भागिले १५ म्हणजे ३.२२४, त्याचं दहावं मूळ १.१२४. म्हणजे १२.४ टक्के. हाच एमआयआरआर.

```
=MIRR(B1:B11, 7%, 7%)
=(FV(7%,10,-350000)/1500000)^(1/10)-1
```

वरच्या दोन्ही ओळी एकच उत्तर देतात: १२.४२ टक्के. दुसरी ओळ पडताळणीसाठी ठेवा. दोन्हींत फरक आला तर शीटमध्ये कुठेतरी खाना चुकलाय.

आता सभेत बोलता येईल असा आकडा मिळाला. हेच १५ लाख दहा वर्षं ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर साडेएकोणतीस लाख होतात. सोलर लावून दरवर्षीची बचत त्याच एफडीत टाकत गेलो तर ४८ लाखांच्या पुढे. फरक सुमारे १९ लाखांचा आहे, म्हणजे प्रकल्प चांगलाच आहे. पण ८८ लाख मिळणार नाहीत. ७ विरुद्ध १९.४ ही तुलना चुकीची होती, ७ विरुद्ध १२.४ ही बरोबर आहे, कारण आता दोन्ही दर एकाच रकमेची एकाच मुदतीतली वाढ सांगतायत.

पुनर्गुंतवणूक दर कुठून आणायचा

एक्सेलमध्ये MIRR ला तीन गोष्टी लागतात: रकमा, मग खर्चाच्या पैशाचा दर, आणि शेवटी पुनर्गुंतवणूक दर. बहुतेक जण शेवटच्या जागी ‘१०’ किंवा ‘१२’ टाकून मोकळे होतात. या जागी काय लिहायचं ते प्रकल्प ठरवत नाही. वाचलेला रुपया नेमका कुठे जातो, त्यावर ते ठरतं. म्हणून आधी त्या रुपयाच्या मागे जायचं.

सोसायटीच्या बाबतीत शोध बराच सोपा होतो. शिल्लक पैसा कुठे गुंतवायचा याला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७० ची चौकट आहे. खजिनदाराला वाटलं म्हणून इक्विटी फंडात पैसे टाकता येत नाहीत. व्यवहारात बहुतेक सोसायट्यांचा पैसा सहकारी बँकेच्या ठेवीत जातो. म्हणून तुमच्या बँकेच्या ठेवीचा दर हाच पहिला उमेदवार. वेबसाईटवरचा सगळ्यात वरचा दर घेऊ नका. सोसायटीच्या शेवटच्या ठेव पावतीवर काय छापलंय ते पाहा.

पण त्याआधी एक प्रश्न खजिनदाराला विचारा: वाचलेला पैसा ठेवीत जातो का? वीजबिलातली बचत हा असा पैसा आहे जो खात्यात कुठे ‘आला’ असा दिसतच नाही, फक्त गेला कमी असतो. दरमहा वेगळा काढून ठेवला नाही तर तो रंगकाम, वॉचमनचा बोनस, गणपतीचा मांडव यांत मिसळून जातो. हे खर्च सोलर नसतं तरी झालेच असते, तर मग ठेव तेवढी कमी मोडावी लागली, म्हणजे दर ठेवीचाच. पण बचत दिसली म्हणून खर्च वाढला असेल, तर तो पैसा पुढे वाढत नाही, आणि पुनर्गुंतवणूक दर शून्य होतो. शून्याने एमआयआरआर ८.८ टक्क्यांवर उतरतो.

सोसायटीवर दुरुस्तीचं कर्ज असेल आणि बँक मुदतीआधी परतफेड घेत असेल, तर चित्र उलटं होतं. ११ टक्क्यांच्या कर्जात टाकलेला प्रत्येक रुपया ११ टक्के व्याज वाचवतो, म्हणून कर्ज फिटेपर्यंत पुनर्गुंतवणूक दर ११. आणि सोसायटीने बचत न ठेवता मेंटेनन्सच कमी केला, तर तो पैसा सभासदाच्या घरी जातो आणि दर सभासदाचा लागतो. तो तीस टक्क्यांच्या कर-टप्प्यात असेल, तर सात टक्क्यांच्या ठेवीतले त्याच्या हाती सेस धरून जेमतेम ४.८ टक्के उरतात. एकाच गच्चीवरचं तेच सोलर, पण तीन ठिकाणी तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर.

दुसरी अडचण काळाची. आजचा ठेवीचा दर दहा वर्षं टिकेल असं कुणीच सांगू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला. तीन वर्षांत एवढा चढ, आणि ठेवींचे दर त्याच्या मागोमाग जातात. म्हणून एकच दर धरून थांबू नये. खाली, मध्ये आणि वर असे तीन धरावेत. आपल्या सोलरसाठी ५ टक्क्यांनी एमआयआरआर येतो ११.४, ७ ने १२.४ आणि ९ ने १३.५. दहा वर्षांच्या सपाट बचतीत पुनर्गुंतवणूक दर एक टक्का हलला की एमआयआरआर साधारण अर्धा टक्का हलतो. हा अर्धा टक्का लक्षात ठेवा. कुणी पुनर्गुंतवणूक दर १२ धरून १५ टक्के एमआयआरआर दाखवत असेल, तर जादाचे अडीच टक्के सोलरने दिलेले नाहीत. ते त्याने स्वतः त्या खान्यात लिहिलेले आहेत. कोटेशनमध्ये एमआयआरआर दिसला तर दर कोणता धरलाय ते पहिलं विचारा. तो लिहिलेला नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

दोन प्रस्ताव असतील तर

आता प्रकरण गुंतागुंतीचं होतं. त्याच १५ लाखांसाठी सोसायटीपुढे दुसरा प्रस्ताव आहे असं धरू: वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लश आणि बागेला फिरवणारं छोटं संयंत्र. त्याने टँकरचा खर्च वाचतो, चालवण्याचा खर्च वजा जाता वर्षाला ५ लाख. पण ते पाचच वर्षं चालेल, पुढे त्यातून काही मिळणार नाही असं धरायचं आहे. याचा आयआरआर १९.९ टक्के, म्हणजे सोलरपेक्षा किंचित जास्त. एक्सेलमध्ये पाच वर्षांवर ७ टक्क्यांनी एमआयआरआर काढला तर १३.९ टक्के. सोलरचा १२.४ होता. दोन्ही मोजमापांनी संयंत्र पुढे.

तरीही सोसायटीसाठी सोलर जास्त फायद्याचं आहे. १३.९ हा दर फक्त पाच वर्षांचा आहे आणि १२.४ दहा वर्षांचा. संयंत्राच्या बाबतीत पाचव्या वर्षी सगळा पैसा मोकळा होतो, आणि नंतरची पाच वर्षं तो ७ टक्क्यांच्या ठेवीत पडून राहतो. तुलना करायची तर दोघांनाही दहाव्या वर्षाच्या शेवटाला न्यायला हवं. पाचव्या वर्षाअखेर संयंत्राचे २८.७५ लाख झालेले असतात, ते आणखी पाच वर्षं वाढून ४०.३ लाख होतात. सोलरचे ४८.४ लाख. दहा वर्षांवर संयंत्राचा एमआयआरआर १०.४ टक्क्यांवर येतो, आणि क्रम उलटतो.

एक्सेलमध्ये इथेच घोटाळा होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. संयंत्राची सहावी ते दहावी वर्षं रिकामी सोडली तर MIRR ते खाने मोजतच नाही. त्याच्या दृष्टीने प्रकल्प पाच वर्षांचाच राहतो आणि उत्तर १३.९ येतं. त्या पाच खान्यांत शून्य लिहिलं की ती वर्षं मोजली जातात आणि उत्तर १०.४ येतं.

```
C1        -1500000
C2:C6      500000
C7:C11     0

=MIRR(C1:C11, 7%, 7%)
```

शीट दुसऱ्याने बनवलेली असेल तर ही तपासणी आधी करा. रिकामा खाना आणि शून्य छापील कागदावर बऱ्याचदा सारखेच दिसतात, कारण शून्य न दाखवण्याची किंवा त्याजागी नुसती रेघ दाखवण्याची सोय अनेक जण वापरतात. खान्यावर क्लिक करून वरच्या पट्टीत काय दिसतं ते बघा.

हा क्रम पुनर्गुंतवणूक दराने कुठे बदलतो, तेही साध्या गणितात काढता येतं. पहिली पाच वर्षं संयंत्र सोलरपेक्षा वर्षाला दीड लाख जास्त देतं. पुढची पाच वर्षं सोलर साडेतीन लाख जास्त देतं. पहिल्या वर्षाची जोडी सहाव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी अशी लावली, तर प्रत्येक दीड लाखाला साडेतीन लाखांशी बरोबरी करायला बरोबर पाच वर्षं मिळतात. पाच वर्षांत दीडचे साडेतीन व्हायला वार्षिक साधारण १८.५ टक्के लागतात. म्हणजे मोकळा झालेला पैसा साडेअठरा टक्क्यांहून जास्त दराने फिरवता आला तरच संयंत्र पुढे, नाहीतर सोलर. सोसायटीच्या ठेवीचा दर या उंबरठ्यापासून इतका लांब आहे, की ५ धरा की ९, निर्णय बदलत नाही.

हाच प्रश्न भांडुपच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळेवाल्यापुढे असता, तर? त्याला रोखीने माल घेतल्यावर चांगली सूट मिळते, भांडवल वर्षातून कितीदा तरी फिरतं, आणि त्याच्या धंद्यात लवकर हाती आलेला रुपया वर्षाला वीस टक्के कमावतो असं धरू. वीस टक्क्यांनी दहा वर्षांनंतर संयंत्राचे ९२.६ लाख होतात आणि सोलरचे ९०.९. त्याच्यासाठी लवकर पैसा सोडणारा प्रस्ताव बरा. आकडे तेच, मशीन तेच, पण मालक बदलला आणि उत्तर बदललं. मात्र त्याला खरोखर वीस टक्के सुटतात का, हे त्याने स्वतःच्या वहीतून दाखवायला हवं. धंद्यात आणखी पैसा टाकला की तेवढाच दर मिळत राहतो असं नसतं. माल ठेवायला जागा संपते, गिऱ्हाईक तेवढंच असतं, मग जादाचा पैसा करंट अकाउंटमध्ये पडून राहतो.

दोन प्रस्तावांत निवड करताना उंबरठ्याचा दर काढणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. पुनर्गुंतवणूक दर ‘बरोबर किती’ या वादात सभेचा तासभर जातो. उंबरठा हाताशी असेल तर ‘अमुकपेक्षा जास्त की कमी’ एवढंच ठरवायचं उरतं, आणि त्यावर लोकांचं पटकन एकमत होतं.

मुदत वाढली की एमआयआरआर खाली का येतो

आता एक विचित्र वाटणारी गोष्ट. सोलर दहाऐवजी वीस वर्षं चाललं, वर्षाला तेच ३.५ लाख देत, तर सोसायटीचा फायदा वाढला हे उघड आहे. आयआरआर १९.४ वरून २३ वर जातो. आजच्या मूल्यात, ७ टक्क्यांनी, निव्वळ लाभ ९.६ लाखांवरून २२ लाखांवर जातो. पण एमआयआरआर मात्र १२.४ वरून १२ च्या किंचित खाली उतरतो.

कारण एमआयआरआर हा दोन गोष्टींचा मिलाफ असतो: प्रकल्पात अडकलेला पैसा आणि प्रकल्पातून सुटून ठेवीत पडलेला पैसा. जितकी वर्षं जास्त, तितका ठेवीतला ढीग मोठा. विसाव्या वर्षी जमलेल्या १४३ लाखांतली निम्म्याहून जास्त रक्कम ठेवीवरचं व्याज असते. प्रकल्प कितीही उत्तम असला, तरी मुदत लांबवत गेलं की एमआयआरआर पुनर्गुंतवणूक दराकडे सरकतो. आणि त्या दराबद्दलची संवेदनशीलताही वाढते: वीस वर्षांत दर ७ ऐवजी १० धरला तर एमआयआरआर १३.८ होतो, म्हणजे एका टक्क्यामागे साधारण सव्वासहा दशांश.

एमआयआरआरवर जाणकार जो आक्षेप घेतात तो हाच, आणि मला तो मान्य आहे. ठेवीची कामगिरी प्रकल्पाच्या नावावर लिहिली जाते. म्हणून ‘हा प्रकल्प करावा का’ एवढाच प्रश्न असेल तर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे वर काढलेला आजच्या मूल्यातला निव्वळ लाभ, पुरतं, आणि ते रुपयांत असल्यामुळे मुदत वाढली की वाढतं, गोंधळ करत नाही. एमआयआरआरचा उपयोग टक्केवारीची सवय असलेल्या लोकांना ठेवीच्या दराशेजारी ठेवता येईल असा आकडा देण्यासाठी. वेगवेगळ्या मुदतींचे एमआयआरआर मात्र एका रांगेत लावू नका.

मधला खर्च आणि दुसरा दर

MIRR मधला दुसरा दर, खर्चाच्या पैशाचा, इतका वेळ मी बाजूला ठेवला, कारण आतापर्यंतच्या उदाहरणांत त्याचा काही परिणामच नव्हता. खर्च फक्त सुरुवातीला असेल तर तिथे ७ लिहा नाहीतर २७, उत्तर तेच येतं. मध्ये एखाद्या वर्षाची रक्कम उणे झाली की तो दर कामाला लागतो.

मुंबईत याचं नेहमीचं कारण गच्चीचं वॉटरप्रूफिंग. समजा सहाव्या वर्षी पॅनल उतरवून, गच्ची करून, पुन्हा बसवायला सोलरच्या वाट्याचा खर्च ५ लाख आला. त्या वर्षीची बचत ३.५, म्हणजे निव्वळ उणे दीड लाख. शीटमध्ये उणे दीड लाख लिहिलं आणि दोन्ही दर ७ ठेवले, तर तो दीड लाख आजच्या मूल्यात जवळपास बरोबर एक लाख होतो. म्हणजे आजच १६ लाख बाजूला काढल्यासारखं. एमआयआरआर येतो १०.६ टक्के.

पण हाच खर्च वेगळा ठेवून हाताने हिशेब केला, म्हणजे ५ लाख आजच्या मूल्यात आणले आणि ३.५ लाख पुढे वाढवले, तर एमआयआरआर १०.२ येतो. प्रकल्प तोच, पैसा तोच, निव्वळ वर्तमान मूल्यही तेच, तरी फक्त वजाबाकी आधी केली की नंतर, यावर चार दशांश टक्के हलतात. एक्सेलला एका वर्षाला एकच खाना कळतो, त्यामुळे तो वजाबाकी केलेलाच आकडा घेतो. दोन कोटेशनांची तुलना करताना दोन्हींत एकच पद्धत वापरा, एवढं पाळलं तरी पुरे. पण मधला मोठा खर्च शीटमध्ये अजिबात नसेल, तर ते कोटेशन परत पाठवा. इन्व्हर्टर पॅनलइतका टिकत नाही, आणि मुंबईची गच्ची वीस वर्षं कामाशिवाय राहत नाही.

दर किती लिहायचा? सोसायटी हा खर्च ठेव मोडून करणार असेल तर ठेवीचा दर, कर्ज काढणार असेल तर कर्जाचा. सावधपणे चालायचं असेल तर ठेवीचाच धरा, कारण मोठा दर धरला की भविष्यातला खर्च आज लहान दिसतो आणि एमआयआरआर फुगतो.

महिनावार शीट असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. वीजबिल महिन्याचं असल्याने अनेक जण १२० खाने भरतात आणि दर मात्र वार्षिक ७ टक्केच ठेवतात. मग एक्सेल महिन्याला ७ टक्के समजतो आणि उत्तर हास्यास्पद येतं. दर महिन्याचा द्यायचा आणि आलेलं मासिक उत्तर पुन्हा वार्षिक करायचं.

```
=(1+MIRR(B1:B121, 1.07^(1/12)-1, 1.07^(1/12)-1))^12-1
```

अनियमित तारखांसाठी आयआरआरला XIRR आहे, पण एमआयआरआरला तसं तयार सूत्र एक्सेलमध्ये नाही. तिथे हाताने, दिवस मोजून, वरच्या तीन पायऱ्याच कराव्या लागतात.

सभेपुढे कागद ठेवताना

खजिनदारांना मी असा कागद करायला सांगतो. वर एक ओळ: मुदत दहा वर्षं, वाचलेला पैसा दरवर्षी सोसायटीच्या ठेवीत जाईल असं धरलं आहे, आणि ती ठेव कुणाच्या नावे, कुठल्या महिन्यात केली जाईल. त्याखाली तीन ओळी, पुनर्गुंतवणूक दर ५, ७ आणि ९, आणि प्रत्येकीसमोर दोनच आकडे: दहा वर्षांनी हाती येणारी रक्कम आणि एमआयआरआर. शेजारच्या स्तंभात तेच १५ लाख त्याच दराने नुसत्या ठेवीत ठेवले तर किती होतील. आयआरआर कोटेशनमध्ये छापलेला असतोच, तो कागदाच्या तळाशी लिहा आणि पुढे स्पष्ट नोंदवा की हा दर अडकलेल्या रकमेवरचा आहे, १५ लाखांवरचा दहा वर्षांचा नव्हे. दोन प्रस्ताव असतील तर त्यांच्यामधला उंबरठ्याचा दर एका वेगळ्या ओळीत. आणि ठरावाच्या मसुद्यात एक कलम घाला: सोलरमुळे कमी झालेल्या वीजबिलाएवढी रक्कम दर तीन महिन्यांनी वेगळ्या ठेवीत वर्ग करावी. हे कलम मंजूर झालं नाही, तर पुनर्गुंतवणूक दर शून्य धरून तोच कागद पुन्हा छापावा.